प्रकल्प संपल्यावर टीमला आभाराचा संदेश कसा लिहावा: बँकेच्या सीबीएस बदलाचं एक उदाहरण

दमवणारं काम संपलं की प्रमुख माणूस दहा मिनिटांत आभाराचा संदेश लिहितो आणि ग्रुपवर टाकतो. वीस-बावीस जण हात जोडल्याची चिन्हं पाठवतात आणि विषय तिथेच संपतो. ज्या चार माणसांनी खरा भार उचलला त्यांना मात्र तो संदेश आपल्यासाठी लिहिलाय असं वाटत नाही. एका नागरी सहकारी बँकेत मुख्य कार्यालयात प्रकल्प समन्वयक असताना मी असाच संदेश पाठवला होता. नंतर एका शाखेतल्या लेखनिक मॅडम मला म्हणाल्या, "मॅडम, तुमचा मेसेज आला. पण तो कुठल्याही कामानंतर चालला असता." त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यानंतर मी हे काम कोणत्या क्रमाने करते ते इथे लिहिते आहे.

उदाहरण त्याच बँकेचं घेते. चौदा शाखा होत्या आणि जुनी संगणक प्रणाली बदलून सगळ्या शाखांची खाती एकत्र जोडणारी नवी कोअर बँकिंग सिस्टीम, म्हणजे सीबीएस, आणायची होती. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. त्यामुळे असा बदल बहुतेक वेळा त्या शनिवार-रविवारी उरकतात. शुक्रवारी काउंटर बंद झालं की जुन्या प्रणालीतला डेटा काढायचा, रविवारी रात्रीपर्यंत नव्या प्रणालीत प्रत्येक शाखेचा ट्रायल बॅलन्स, म्हणजे जमा-नावेच्या बेरजांचा तक्ता, जुळवायचा आणि सोमवारी सकाळी काउंटर उघडायचं. या कामात सत्तावीस माणसं होती. आधीचे चार महिने सह्यांचे नमुने स्कॅन करण्यात, एकाच ग्राहकाची दोन-दोन नावांनी असलेली खाती शोधण्यात आणि मुदत ठेवींचं व्याज तपासण्यात गेले होते.

## टप्पा १: आधी यादी करा, वाक्यं नंतर

संदेश बिघडतो तो बहुतेक याच टप्प्यावर. लिहिणाऱ्याला आपल्या डोळ्यासमोर असलेलीच माणसं आठवतात. मी मुख्य कार्यालयात बसत असे, म्हणून मला आयटी विभाग आणि सॉफ्टवेअर कंपनीचे इंजिनिअर आठवले. शाखांमध्ये काय चाललं होतं ते माझ्यापर्यंत फक्त "झालं" किंवा "अडलंय" एवढ्याच शब्दांत पोचत होतं.

एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात नाव लिहा, दुसऱ्यात त्या माणसाने नेमकं काय केलं ते, आणि तिसऱ्यात ते झालं नसतं तर काय झालं असतं ते. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण संदेशातलं चांगलं वाक्य तिथूनच मिळतं. "रविवारी रात्री थांबल्या" हे दुसऱ्या रकान्यातलं. "त्यांनी रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटाची चिठ्ठी मिळवून ताळा लावला नसता तर त्या शाखेचं काउंटर सोमवारी उघडलं नसतं" हे तिसऱ्यातलं. पहिलं वाक्य वाचून हजेरी कळते, दुसरं वाक्य वाचून काम कळतं.

स्मरणशक्तीवर विसंबू नका. माझ्याकडे तीन साधनं होती. अडचणींची नोंद ठेवलेली एक्सेलची शीट होती, त्यात कोणती अडचण कोणी सोडवली ते लिहिलेलं होतं. पहारेकऱ्याकडची रात्रीची नोंदवही होती, तिच्यावरून कोण किती वाजता बाहेर पडलं ते कळलं. आणि प्रत्येक शाखाधिकाऱ्याला फोन करून मी एकच प्रश्न विचारला: "तुमच्याकडे असं कोण आहे, ज्याचं काम मला इथून दिसलं नसेल?" चौदा फोनना दीड तास लागला. त्या दीड तासात मला नऊ अशी नावं मिळाली जी माझ्या यादीत नव्हती.

त्या नऊतली पाच माणसं मायग्रेशनच्या, म्हणजे डेटा नव्या प्रणालीत नेण्याच्या, कामात नव्हतीच. शेजारच्या टेबलावरचा माणूस चार महिने स्कॅनिंगला बसला, तेव्हा त्याचं रोजचं काउंटर त्यांनी ओढलं होतं. मागची बाजू सांभाळणारी ही माणसं अशा संदेशातून जवळपास नेहमीच सुटतात, आणि ते न बोलता लक्षात ठेवतात. आणखी एक होते शिपाई काका. सोमवारी नव्या प्रणालीत पासबुकाची छपाई ओळ सोडून पडू लागली आणि पेन्शनर मंडळींची रांग दरवाज्याबाहेर गेली. तेव्हा काकांनी आपणहून कागदाचे तुकडे करून त्यावर नंबर घातले आणि लोकांना बाकावर बसवलं.

तपासा: यादीत प्रत्येक शाखेतलं किमान एक नाव आहे का? कंत्राटी माणसं, बाहेरच्या कंपनीचे इंजिनिअर, पहारेकरी, गाडीचालक आहेत का? दुसऱ्या रकान्यात कुठे "खूप मदत केली" असं लिहिलं असेल तर तुम्हाला त्या माणसाचं काम अजून माहीत नाही. फोन करून विचारा.

## टप्पा २: काय लिहायचं नाही ते ठरवा

हा टप्पा लोक गाळतात. मनातला ओलावा कागदावर उतरवण्याच्या भरात मग नको ते लिहिलं जातं.

पहिली गोष्ट खाजगी अडचणींची. "मुलाला ताप असतानाही अमुक ताई थांबल्या" हे लिहिणाऱ्याला कौतुक वाटतं. ताईंना मात्र ते सत्तावीस जणांसमोर वाचताना आपण आई म्हणून कमी पडलो असं वाटू शकतं, आणि पुढच्या वेळी मूल आजारी असलेल्या माणसाला रजा मागायला संकोच होतो. कुणाचं आजारपण, घरातलं दुःख, गर्भारपण, लग्नाची पुढे ढकललेली तारीख, यातलं काहीही ग्रुपच्या संदेशात येऊ देऊ नका. तुम्हाला ते माहीत आहे आणि त्याची जाणीव आहे, हे सांगायचंच असेल तर समोर बसून सांगा.

याच्याच जवळचं दुसरं वाक्य म्हणजे "महिला सहकाऱ्यांनी घर-संसार सांभाळून". पुरुष सहकाऱ्यांबद्दल हे कुणी लिहीत नाही. घर सगळ्यांनाच असतं. लिहायचं तर सगळ्यांच्या घरच्यांबद्दल एक वाक्य लिहा.

दुसरी गोष्ट गुप्ततेची, आणि बँकेत ती फार जपावी लागते. आमच्या एका शाखेचा ट्रायल बॅलन्स रविवारी रात्री जुळत नव्हता. शुक्रवारी एका पिग्मी एजंटाचा भरणा ग्राहकांच्या खात्यांना जमा पडला होता, पण लेजरमधल्या एकूण पिग्मी ठेवींच्या शीर्षकाला पडला नव्हता. ही तांत्रिक चूक होती, ती सापडली आणि दुरुस्तही झाली. पण शाखेचं नाव आणि फरकाची रक्कम एका ओळीत लिहिली आणि तो संदेश कुणी पुढे पाठवला, तर गावात "अमुक शाखेत पैशांचा घोळ" एवढंच पोचतं. ठेवीदार दारात येतात. म्हणून काम सांगा, आकडा आणि शाखा सांगू नका. ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक किंवा स्क्रीनचा फोटो तर मुळीच नको.

तिसरी गोष्ट आश्वासनांची. सुट्टीत केलेल्या कामाची बदली रजा म्हणजे कॉम्प ऑफ, मानधन, बढतीचा विचार, यातलं जे आस्थापना विभागाने लेखी मंजूर केलं आहे तेवढंच लिहा. "व्यवस्थापन नक्कीच दखल घेईल" हे वाक्य लोक आश्वासन म्हणूनच वाचतात. मी संदेश पाठवण्याआधी दोन दिवसांचा कॉम्प ऑफ आणि तो घेण्याची शेवटची तारीख लेखी घेतली, मगच ती ओळ लिहिली.

सावधान: मंजुरी आली नसेल तर संदेशात रजेचा उल्लेखच करू नका. मंजुरी आल्यावर वेगळं पत्र काढा. आभार आणि अर्धवट आश्वासन एकत्र आलं की लोक फक्त आश्वासन लक्षात ठेवतात.

## टप्पा ३: वेळ ठरवा

सोमवारी सकाळी काउंटर उघडलं, त्याच दुपारी आभार मानायचा मोह होतो. तेव्हा शाखांमध्ये पासबुकाची छपाई चुकत होती, लोक काउंटरवर ओरडत होते. अशा वेळी "यशस्वीरीत्या पूर्ण झाले" असं वाचणाऱ्या लेखनिकाला मुख्य कार्यालय कुठल्या जगात आहे असा प्रश्न पडतो. दुसरीकडे, महिनाभर थांबलात तर तपशील विरतात आणि मधल्या काळात लोकांनी समजून घेतलेलं असतं की कुणाला काही वाटलेलं नाही.

त्यासाठी एक खूण आधीच ठरवून ठेवा. आमच्यासाठी ती अशी होती: सलग तीन दिवस सगळ्या शाखांचा डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करण्याचं काम, पहिल्याच प्रयत्नात व्हावं. मंगळवार, बुधवार, गुरुवार असं झालं. शुक्रवारी काउंटर बंद झाल्यावर, साडेचारच्या सुमाराला संदेश गेला. तुमच्या कामात ही खूण वेगळी असेल. सॉफ्टवेअरच्या टीमसाठी रिलीजनंतरचे काही शांत दिवस, लेखापरीक्षणासाठी लेखापरीक्षकाच्या सहीचा अहवाल. खूण अशी हवी की ती पाहून टीमलाही "आता सुटलो" असं म्हणता यावं.

सोमवारी मात्र अगदी गप्प बसू नका. दोन ओळी पुरतात: "चौदाही शाखा सुरू झाल्या. पासबुकाचा प्रश्न दुपारपर्यंत सोडवतोय, तोवर ग्राहकांना छापील उतारा द्या." यात आभार नसले तरी चालतात. अडचणीत असलेल्या माणसाला त्या वेळी मदत हवी असते.

रात्री पाठवू नका. रात्री अकराला आलेल्या कार्यालयीन संदेशाने, तो कितीही गोड असला तरी, पहिल्यांदा धस्स होतं. नुकतेच चार महिने फोन वाजला की पोटात गोळा येणाऱ्या माणसांना तर नक्कीच.

## टप्पा ४: मसुदा

मसुदा लिहिण्याआधी चुकीचा नमुना बघा. आधीच्या कामानंतर मी जो पाठवला होता तो या कामाला लावला तर जवळपास असा होईल:

> आपल्या बँक परिवाराने रात्रीचा दिवस करून सीबीएसचे शिवधनुष्य यशस्वीपणे पेलले आहे. मा. अध्यक्ष व संचालक मंडळाच्या मार्गदर्शनाखाली हे कार्य पूर्णत्वास गेले. सर्व सहकाऱ्यांनी केलेल्या बहुमोल सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार. असेच सहकार्य यापुढेही लाभो ही सदिच्छा!

यात खोटं काहीच नाही. पण एकेक शब्द तपासला की तो का पोचला नाही ते दिसतं.

"परिवार" हा सहकारी बँकांचा आवडता शब्द. पण घरात पगार नसतो आणि कामाचे तासही मोजत नाहीत. माणसाला नुकतंच दोन सुट्ट्यांना बोलावलेलं असताना "परिवार" म्हटलं की त्याला पुढच्या बोलावण्याचा वास येतो. "सहकारी", "शाखा", "टीम" हे शब्द पुरेसे उबदार आहेत.

"सहकार्य" हा शब्द जास्त चुकतो, कारण तो निरुपद्रवी वाटतो. सहकार्य म्हणजे दुसऱ्याच्या कामाला दिलेली साथ. जिने स्वतः ताळा लावला तिने सहकार्य केलं नाही, काम केलं. तिच्या कामाला सहकार्य म्हटलं की काम आपोआप लिहिणाऱ्याचं होतं. म्हणून क्रियापदं खरी वापरा: शोधलं, जुळवलं, तपासलं, समजावलं, थांबवलं.

"कार्य पूर्णत्वास गेले" या वाक्यात करणारा कुणी नाही. "केले गेले", "पार पडले" या रचना अहवालात ठीक आहेत. आभारात करणाऱ्याचं नाव वाक्याच्या सुरुवातीला यायला हवं.

"रात्रीचा दिवस करून" लिहिताना थांबा. रात्रभर जागण्याचं कौतुक केलं की रात्रभर जागणं ही अपेक्षा ठरते. जे संध्याकाळी सातला काम चोख संपवून घरी गेले ते त्या वाक्यात कमी ठरतात. जागरणाचा उल्लेख करायचा तर ते व्हायला नको होतं, असा करा.

"असेच सहकार्य यापुढेही" ही तर आभारात गुंडाळलेली मागणी आहे. हे वाक्य मराठी पत्रात सवयीने येतं, बोट आपोआप तिकडे जातं. ते काढा. पुढच्या कामाचा, पुढच्या टप्प्याचा, मोबाइल बँकिंगचा, कशाचाही उल्लेख या संदेशात नको.

### "आपण", "आम्ही" आणि "तुम्ही"

मराठीत हा फरक इतका नेमका आहे की एका सर्वनामाने संदेशाचा अर्थ बदलतो. "आम्ही हे काम पूर्ण केलं" यात वाचणारा बाहेर राहतो. "आपण पूर्ण केलं" यात तो आत येतो, म्हणून ते बरं वाटतं. पण रविवारी रात्री दीड वाजता त्या शाखेत तुम्ही नव्हतात. तिथे "आपण ताळा लावला" म्हटलं तर तुम्ही न केलेल्या कामात स्वतःचा वाटा घेता. माझा नियम साधा आहे. निकाल सांगताना "आपण", काम सांगताना "तुम्ही" किंवा नाव, आणि चूक सांगताना "मी". "आपल्या चौदाही शाखांचा डे-एंड झाला", "तुम्ही चिठ्ठ्या जुळवल्या", "तारीख मी ओढून धरली".

समोरच्याला "आपण" म्हणण्याचा फार औपचारिक प्रकारही आहे. "आपण केलेल्या कामाबद्दल" असं. तो निमंत्रणपत्रिकेसारखा वाटतो आणि वरच्या "आपण"शी गोंधळतो. रोज ज्यांना "तुम्ही" म्हणता त्यांना संदेशातही "तुम्ही"च म्हणा. रोज "तू" म्हणत असाल तर वैयक्तिक चिठ्ठीत "तू" ठेवा, ग्रुपवर मात्र सगळ्यांसाठी "तुम्ही". तिथे एकाला "तू" आणि दुसऱ्याला "तुम्ही" म्हटलं की कोण जवळचं ते सगळ्यांना दिसतं.

नावांचंही तेच. अधिकाऱ्याला "श्री. अमुक साहेब" आणि शिपायाला नुसतं आडनाव, हे आमच्या यादीत सहज झालं होतं. एकच पद्धत धरा: सगळ्यांचं पूर्ण नाव, उपाधी कुणालाच नाही, क्रम अकारविल्हे. वैयक्तिक बोलताना काका काकाच राहतात.

### किती जणांची नावं

दहा-बारा जणांची टीम असेल तर प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या कामाची एक ओळ लिहा. सत्तावीस जण असतील तर तसा संदेश कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. मी तीन-चार कामं तपशिलाने सांगितली, ती अशी निवडली की प्रत्येक गटाला त्यात आपलं काम दिसावं, आणि खाली यादीतली सगळी नावं दिली. तपशिलात फक्त मुख्य कार्यालयातली माणसं येत नाहीत ना, ते बघा.

### आपली चूक सांगायची का?

आमची डेटाची तिसरी चाचणी फेरी मी रद्द केली होती, कारण ठरलेला शनिवार हातचा जाऊ द्यायचा नव्हता. ती झाली असती तर पिग्मीचा घोळ आधीच सापडला असता आणि ती रविवारची रात्र टळली असती. हे टीमला माहीत होतं. ते टाळून लिहिलेला कोणताही उबदार शब्द पोकळ वाजला असता.

पण आभाराचा संदेश म्हणजे माफीनामा नव्हे. चूक एका वाक्यात सांगा, कारण देऊ नका, स्वतःला झोडपूही नका. लांब माफी मागितली की लोकांना तुमची समजूत काढावी लागते: "नाही मॅडम, तुमची काय चूक." ज्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला त्यांची माफी संदेश पाठवण्याआधी प्रत्यक्ष मागा. मी त्या शाखेत बुधवारी जाऊन आले.

## टप्पा ५: तयार संदेश

शेवटी गेलेला संदेश हा. नावं काढून त्या जागी काम लिहिलं आहे, तुम्ही तिथे नाव लिहा.

> नमस्कार,
>
> काल सलग तिसऱ्या दिवशी आपल्या चौदाही शाखांचा डे-एंड पहिल्याच प्रयत्नात झाला. आता नवी प्रणाली स्थिरावली असं म्हणता येतं, म्हणून आज लिहिते आहे.
>
> रविवारी रात्री एका शाखेचा ताळा लागत नव्हता. *(त्या शाखेतल्या लेखनिक)* यांनी पिग्मीच्या चिठ्ठ्या एकेक करून जुळवल्या आणि नेमकी नोंद शोधून काढली. ती सापडली म्हणून सोमवारी सगळ्या शाखा वेळेवर उघडल्या. *(आयटी विभागातले दोघे)* यांनी ती दुरुस्ती पहाटेपर्यंत करून पुन्हा तपासली.
>
> सोमवारी पासबुकं चुकीची छापली जात असताना काउंटरवरच्या सगळ्यांनी लोकांचा राग शांतपणे ऐकून घेतला. *(शिपाई)* यांनी स्वतःहून नंबर देऊन रांग लावली, त्यानंतर गर्दी आवरली. ही युक्ती दुसऱ्या दिवशी आणखी चार शाखांनी वापरली.
>
> गेले चार महिने काही जण स्कॅनिंगला बसले तेव्हा त्यांचं काउंटर शेजारच्यांनी सांभाळलं. त्यांचं काम मायग्रेशनच्या यादीत नव्हतं, पण ते झालं नसतं तर स्कॅनिंगही झालं नसतं.
>
> तिसरी चाचणी फेरी रद्द करण्याचा निर्णय माझा होता आणि त्याचा ताण रविवारी तुमच्यावर आला. तसं व्हायला नको होतं. सुट्टीचे दोन दिवस तुमच्या घरच्यांकडूनही आपण घेतले, याची जाणीव आहे.
>
> दोन दिवसांचा कॉम्प ऑफ मंजूर झाला आहे. पत्र शाखाधिकाऱ्यांकडे आहे, या तिमाहीअखेरपर्यंत घेता येईल.
>
> खाली सगळ्यांची नावं देते आहे. तुम्हा प्रत्येकाचे मनापासून आभार.

लांबी दीडशे-दोनशे शब्दांच्या आसपास ठेवा, म्हणजे फोनवर दोन-तीन वेळा सरकवून वाचून होतो. भाषा बोलण्यासारखी, "झालं, केलं" अशी ठेवली आहे. "झाले, केले" चालतं, पण एकाच संदेशात दोन्ही मिसळू नका. "मनापासून आभार" हे घासलेलेच शब्द आहेत, आणि शेवटी ते चालतात. वर काम नेमकं सांगितलेलं असलं की साध्या शब्दांत वजन येतं.

अध्यक्षांचा आणि संचालक मंडळाचा उल्लेख यात नाही. आमच्याकडे ते गाळणं अवघड असतं, हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी मी वेगळं पत्र दिलं आणि त्यात हीच यादी जोडली. तुमच्याकडे उल्लेख अनिवार्य असेल तर तो शेवटच्या परिच्छेदात, एका ओळीत करा. पहिल्या ओळीत आला की कर्मचारी पुढचं वाचत नाहीत.

## टप्पा ६: दोन वेळा तपासणी

पहिली तपासणी मोठ्याने वाचून करा. ज्या वाक्यावर जीभ अडखळते ते वाक्य तुम्ही त्या माणसाच्या तोंडावर बोलला नसता. ते बदला.

दुसरी तपासणी टीममधल्या एका माणसाकडून करून घ्या, वरिष्ठाकडून नव्हे. मी एका कनिष्ठ अधिकाऱ्याला विचारलं, "यात कुणाला लागेल असं काही आहे का, आणि कोण राहिलंय?" माझ्या मसुद्यात "काउंटरवर लोक राबले" असं होतं. त्याने तो शब्द काढायला लावला. मला त्यात कष्टाची कदर दिसत होती, त्याला त्यात बैल दिसत होता. एक गाडीचालकही राहिला होता, रविवारी मध्यरात्री त्याने तिघांना घरी सोडलं होतं.

तपासा: नावांचं शुद्धलेखन हजेरीपटावरून जुळवा. "दिपक" की "दीपक" हे त्या माणसाला विचारा, व्याकरणाला नको.

## टप्पा ७: पाठवण्याचा क्रम

आधी वैयक्तिक, मग ग्रुप, मग वरिष्ठ. क्रम उलटला की अर्थ बदलतो. आधी वरिष्ठांना मेल आणि तोच टीमला पुढे पाठवला, तर तो वरिष्ठांना दाखवण्यासाठी लिहिला होता असंच वाटतं.

ज्या पाच-सहा जणांवर जास्त भार पडला त्यांना शुक्रवारी सकाळी मी फोन केला. दोन मिनिटांचा. शिपाई काकांना मुख्य कार्यालयातून फोन आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "काय चुकलं का?" त्यामुळे अशा फोनची सुरुवात "काही अडचण नाही, आभार मानायला फोन केलाय" अशी करावी.

ग्रुपचा संदेश ईमेलने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, दोन्हीकडे पाठवा, कारण शिपाई, पहारेकरी, चालक यांच्याकडे कार्यालयाचा ईमेल नसतो. शाखेच्या सूचनाफलकावर छापील प्रतही लावा. मजकुरासोबत फुलांचं चित्र किंवा तयार सुविचार जोडू नका, तो रोजच्या सुप्रभातच्या गर्दीत हरवतो.

सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरांचे आभार त्यांच्या वरिष्ठांना कळवा, पण आधी तुमच्या खरेदी किंवा आयटी प्रमुखांना विचारा. काही बिलं किंवा दुरुस्त्या बाकी असतील तर "सर्व काम समाधानकारक पूर्ण" असं लिहिलेलं पत्र पुढे वादात दाखवलं जाऊ शकतं. व्यक्तीच्या कामाबद्दल लिहा, कराराबद्दल लिहू नका.

## टप्पा ८: नंतरचे दोन दिवस

प्रत्येक उत्तराला पुन्हा उत्तर द्यायची गरज नाही. पण कुणी ग्रुपवर "हे खरं तर अमुकमुळे झालं" असं लिहिलं तर ते नाव टिपून ठेवा.

सगळं करूनही एखादं नाव राहतंच. आमचं एक राहिलं: प्रसूती रजेवर गेलेल्या एक सहकारी, ज्यांनी पहिले दोन महिने दुहेरी खात्यांची यादी केली होती. रजेवर असल्यामुळे त्या हजेरीपटाच्या त्या पानावर नव्हत्या. शनिवारी एका शाखाधिकाऱ्याने फोन करून सांगितलं. मी आधी त्यांना फोन केला, मग त्याच ग्रुपवर लिहिलं: "कालच्या यादीत एक नाव माझ्याकडून राहिलं. दुहेरी खात्यांची मूळ यादी त्यांनी तयार केली, पुढची सगळी जुळवणी तिच्यावर उभी होती." त्यांचं नाव दिलं, पण रजेचं कारण लिहिलं नाही. जुना संदेश खोडून दुरुस्त प्रत गुपचूप टाकू नका. ज्याचं नाव राहिलं त्याला ते नंतर वेगळं आणि ठळक मिळालं पाहिजे.

तीन रकान्यांचा तो कागद टाकून देऊ नका. मी तो टंकून आस्थापना विभागाकडे दिला, म्हणजे मार्चअखेर गोपनीय अहवाल भरताना शाखाधिकाऱ्यांसमोर तो असेल. आभाराचा संदेश ग्रुपमध्ये वर सरकत जातो, सेवापुस्तकाच्या फाइलमधला कागद मात्र सापडतो.